मधला पट्टा: आबांच्या हायब्रिडच्या बॅटरीच्या नोंदी

१२ जून, कुडाळ

आबांची गाडी आज टो करून दुकानात आणली. जपानी बनावटीची हायब्रिड, वय बारा वर्षं, काट्यावर १,४८,००० किलोमीटर. मुलाने मुंबईत वापरली, मग गावी आणून आबांच्या हवाली केली. दिवाळीनंतर आबांचा गुडघा दुखायला लागला आणि गाडी गोठ्याशेजारच्या पडवीत उभी राहिली ती थेट मिरगापर्यंत. सात महिने. परवा चालू करायला गेले तर डॅशबोर्डवर लाल त्रिकोण. बारा व्होल्टची छोटी बॅटरी बदलून बघितली, तरी त्रिकोण जाईना. स्कॅनर लावला तर कोड `P0A80`, म्हणजे गाडीच्या विजेच्या मोटारीला वीज देणारी मोठी बॅटरी बदला.

आबांचं म्हणणं वेगळंच. "रे, ही बॅटरी आधीपासूनच अर्धी. पडद्यार आठ दांडे मी वर्षातून दोनदा बघलंय. कधी फुल होतच नाय." त्यांना वाटतंय की बॅटरी कधीच पूर्ण भरली नाही, म्हणून मेली.

माझा अंदाज नेमका उलट आहे. ती कधीच पूर्ण भरली नाही म्हणूनच बारा वर्षं टिकली, आणि आता जे झालंय ते सात महिने उभी राहिल्यामुळे. पण नुसता अंदाज सांगून आबांचं समाधान व्हायचं नाही, माझंही नाही. म्हणून ही वही काढली. बॅटरी उघडायची, एकेक मॉड्यूल मोजायचं, दुरुस्त करायचं आणि मग रस्त्यावर आकडे बघत फिरायचं.

१४ जून

पाऊस असल्याने शटर अर्धं खाली. सर्व्हिस प्लग काढला, दहा मिनिटं थांबलो, हजार व्होल्टचे हातमोजे घातले आणि मगच मागच्या सीटमागचं झाकण उघडलं. प्लग काढल्यावर बॅटरीची साखळी मधोमध तुटते एवढंच. दोन्ही तुकड्यांत जीव घेण्याइतकं व्होल्टेज असतंच. मदतीला असलेल्या गणूला हे दोनदा सांगितलं आणि त्याला फक्त वहीत लिहायला बसवलं.

आत २८ मॉड्यूल, पुस्तकांसारखी ओळीने उभी. प्रत्येकात सहा सेल, म्हणजे एकूण १६८ सेल, सगळे एकामागोमाग जोडलेले. निकेल-मेटल हायड्राइडचा सेल १.२ व्होल्टचा धरतात, तेव्हा पूर्ण संच २०१.६ व्होल्टचा. क्षमता ६.५ अँपिअर-तास. गुणाकार केला तर साधारण १.३ किलोवॉट-तास येतात. घरच्या इन्व्हर्टरची दीडशे अँपिअर-तासांची बॅटरी १.८ किलोवॉट-तासांची असते. म्हणजे एवढी मोठी गाडी ढकलणाऱ्या बॅटरीत आपल्या इन्व्हर्टरपेक्षाही कमी वीज मावते. गणूचा विश्वास बसेना.

मल्टिमीटर लावून २८ आकडे घेतले. बहुतेक ७.६ ते ७.७ व्होल्ट. तेरावं ७.३, सतरावं ७.२. आणि सोळावं ६.४.

हा ६.४ चा आकडा स्वच्छ बोलतो. सहा सेल प्रत्येकी १.२८ व्होल्टचे धरले तर बेरीज ७.६८. त्यातून एक सेल वजा केला की ६.४. म्हणजे सोळाव्या मॉड्यूलमधले पाच सेल ठणठणीत आहेत आणि एक शून्यावर बसलाय. १६८ पैकी एक.

तिन्ही कच्ची मॉड्यूल मधली आहेत, कडेची एकही नाही. कारण हाताला लागलं: हवा ओढणाऱ्या पंख्याच्या पात्यांत पेंढा. मागच्या सीटच्या बाजूला जाळी असते, तिथून पंखा आतली गार हवा ओढून बॅटरीवर सोडतो. आबा मे महिन्यात आंब्याच्या पेट्या त्या जाळीला टेकवून रचायचे. कडेच्या मॉड्यूलची उष्णता बाहेर जाते, मधल्यांची जात नाही.

जोडपट्ट्यांचं तांबं काळं पडलंय, दोन नटांवर हिरवट बुरशीसारखा थर. खाऱ्या हवेचं काम. व्होल्टेज मोजणारी तार अशा नटावर असली की चांगल्या मॉड्यूलचाही आकडा चुकीचा येतो, म्हणून सगळे नट घासून पुन्हा मोजले. आकडे तेच राहिले. दोष खरा आहे.

१५ जून

दिवसभर धो धो. गिऱ्हाईक नाही. आबा छत्री घेऊन आले आणि स्टुलावर बसले. त्यांना जे सांगितलं ते इथे नीट लिहून ठेवतो, कारण सगळ्या प्रकरणाची गोम इथेच आहे.

आधी वरचं टोक. हा सेल चार्ज होत असतो तेव्हा मधल्या भागात दिलेली जवळजवळ सगळी वीज साठवणीत जाते. पण साधारण ऐंशी टक्क्यांच्या पुढे गेलं की निकेलच्या पट्टीला सगळी वीज पचत नाही. उरलेली वीज आतल्या पाण्यातून ऑक्सिजन सोडायला लागते. तो ऑक्सिजन मधल्या कापडातून दुसऱ्या पट्टीपर्यंत जातो, तिथल्या हायड्रोजनशी मिळून परत पाणी होतो आणि भरपूर उष्णता सोडतो. टॉर्चचे सेल घरच्या चार्जरवर हळूहळू भरतात तेव्हा हे चालून जातं, ऑक्सिजन जेवढा सुटतो तेवढा परत मुरतो. गाडीत तसं नाही. उतारावर ब्रेक दाबला की पन्नास-साठ अँपिअर एका दमात आत येतात. बॅटरी त्या वेळी काठोकाठ भरलेली असेल तर ऑक्सिजन मुरण्यापेक्षा सुटतोच जास्त. दाब वाढतो, मॉड्यूलवरची झडप उघडते आणि वायू बाहेर जातो. तो वायू म्हणजे सेलमधलं पाणीच. गेलेलं पाणी परत येत नाही. कापड कोरडं पडतं, आतला रोध वाढतो, रोध वाढला की तेवढ्याच करंटला जास्त उष्णता, आणि उष्णतेने पुन्हा पाणी. शिवाय जास्त भरलेली निकेलची पट्टी फुगते आणि उरलंसुरलं पाणी स्वतःत ओढून घेते.

आता खालचं टोक. इथे गोष्ट एका सेलची नसून रांगेची आहे. आबांनी तरुणपणी देवबागेत किनाऱ्यावरून रापणीचं जाळं ओढलंय, म्हणून त्यांना तेच उदाहरण दिलं. दोर एकच, ओढणारे पुष्कळ. त्यातला एक जण थकून थांबला तर दोर थांबत नाही. बाकीचे ओढतच असतात आणि तो दोराबरोबर फरपटत जातो. १६८ सेल एकाच साखळीत आहेत. सगळ्यांमधून तोच करंट जातो. सगळ्यांची क्षमता कधीच सारखी नसते, त्यामुळे बॅटरी तळापर्यंत वापरली तर सर्वांत अशक्त सेल आधी शून्यावर येतो. बाकीच्या १६७ मध्ये अजून जोर असतो, ते त्याच्यामधून करंट ढकलतच राहतात. त्या सेलची धन-ऋण बाजू उलटते, आत हायड्रोजन सुटतो, पुन्हा झडप, पुन्हा पाणी. असं दोन-चारदा झालं की तो सेल संपला.

गाडीचा संगणक म्हणून दोन्ही टोकांपासून लांब राहतो. या जातीच्या बॅटरीत मर्यादा साधारण ४० ते ८० टक्के, आणि मन साठच्या आसपास रमतं. पडद्यावरचे आठ दांडे या मधल्या पट्ट्याचेच आहेत, अख्ख्या बॅटरीचे नाहीत. आठ दांडे म्हणजे ऐंशीच्या जवळपास, आणि दांडे संपत आले तरी खाली चाळीस टक्के शिल्लक.

आबांनी विचारलं, "मगे एवढी मोठी बॅटरी घातली कित्याक? अर्धीच घालूची होती." प्रश्न अगदी बरोबर आहे. अर्धी घातली असती तर ती शून्य ते शंभर वापरावी लागली असती. जागा रिकामी ठेवलीय असं वाटतं, पण त्या जागेचं काम आहे. वरची जागा नसती तर ब्रेकची वीज घ्यायला कुठे ठेवणार? खालचा साठा नसता तर ओव्हरटेक करताना मोटार जोर कुठून आणणार? आणि या गाडीला वेगळा स्टार्टर नाही. पेट्रोल इंजिनही याच बॅटरीवर मोटार फिरवून सुरू होतं. ही रिकामी झाली तर पेट्रोलने टाकी भरलेली असूनही गाडी हलत नाही, आणि दुसऱ्या गाडीची बारा व्होल्टची बॅटरी लावून मोठी बॅटरी भरत नाही.

शिशाच्या बॅटरीला हा नियम लावू नका, हेही त्यांना बजावून सांगितलं. इन्व्हर्टरची बॅटरी अर्धवट ठेवली तर तिच्या पट्ट्यांवर सल्फेट धरतं आणि ती मरते. ती भरलेलीच हवी. प्रत्येक रसायनाचा स्वभाव वेगळा.

१६ ते २७ जून

मॉड्यूलची क्षमता मोजणं म्हणजे निव्वळ सबुरीचं काम. आधी प्लायच्या दोन फळ्या आणि चार लांब बोल्ट घेऊन शिकंजा केला. ही मॉड्यूल प्लास्टिकच्या डब्यातली असतात, सुटी चार्ज केली तर पोट फुगतं आणि मग ती परत जागेवर बसत नाहीत. शिकंज्यात आवळूनच चार्ज करायची.

चार्जरवर प्रत्येक मॉड्यूल भरायचं, थंड होऊ द्यायचं, मग दोन अँपिअरने सहा व्होल्टपर्यंत उतरवायचं, म्हणजे सेलमागे एक व्होल्ट. किती अँपिअर-तास निघाले ते लिहायचं. असं प्रत्येकाला तीनदा. दोन चार्जर, वर महावितरणची ये-जा. बारा दिवस लागले.

पहिल्या फेरीचे आकडे बघून मी घाबरलो होतो, काही मॉड्यूल ३.८ वर थांबली. तिसऱ्या फेरीला तीच ४.८ वर. बरेच दिवस पडून राहिलेली पट्टी पहिल्या फेरीत खरं बोलत नाही, म्हणून पहिल्या आकड्यावर मॉड्यूल फेकू नये.

तिसऱ्या फेरीचा निकाल: पंचवीस मॉड्यूल ४.६ ते ५.४ च्या दरम्यान. तेरावं ३.४, सतरावं ३.१. सोळावं तपासण्यासारखं नाहीच.

नवीन असताना ६.५ होतं. म्हणजे बारा वर्षं आणि दीड लाख किलोमीटर झाल्यावरही २८ पैकी २५ मॉड्यूलमध्ये तीन चतुर्थांशाच्या आसपास क्षमता शिल्लक आहे. माझ्या दुकानात येणारे कॉर्डलेस ड्रिलचे याच रसायनाचे जुने पॅक बघावेत. रोज तळापर्यंत वापरलेले आणि रात्रभर चार्जरवर ठेवलेले. दोन-तीन वर्षांत गळतात.

२९ जून

सकाळी एक गोष्ट डोक्यात आली. मधल्या पट्ट्यात राहण्याची एक किंमतही आहे, आणि आबांच्या गाडीने तीच मोजली.

प्रत्येक सेल उभ्या उभ्या थोडा थोडा उतरतो, आणि प्रत्येकाचा वेग वेगळा. उष्णतेने थकलेले मधले जास्त उतरतात, कडेचे कमी. सात महिन्यांत हा फरक साचत गेला. सेल अधूनमधून काठोकाठ भरले असते तर वरच्या टोकाला आधी भरलेला सेल जादा वीज ऑक्सिजन आणि उष्णतेत उडवतो आणि मागे राहिलेला त्याला गाठतो, हलक्या चार्जिंगला ते थोडं सावरून निघतं. पण गाडी कधी तिथपर्यंत जातच नाही, त्यामुळे या साखळीत सगळ्यांना एका पातळीवर आणणारी वेळच येत नाही. रोज वापरातल्या गाडीत फरक हळू वाढतो. पडून राहिली की भराभर.

दुसरं, संगणकाला चार्ज कसा कळतो? या सेलचं व्होल्टेज मधल्या भागात जवळजवळ सपाट असतं. चाळीस आणि सत्तर टक्क्यांत फरक इतका बारीक की नुसतं व्होल्टेज बघून सांगता येत नाही, शिवाय आत्ताच चार्ज झालाय की उतरलाय यावरही ते बदलतं. म्हणून संगणक आत किती गेलं, बाहेर किती आलं याचा हिशोब ठेवतो, एखादा वाणी उधारीची वही ठेवतो तसा. गाडी महिनोन्महिने बंद असताना वही कोरी आणि गळती मात्र चालू. सोळाव्या मॉड्यूलमधला तो सेल सात महिन्यांत शून्याजवळ आला असणार, आणि जूनच्या सुरुवातीला इंजिन फिरवायला गेले तेव्हा उरलेल्या १६७ नी त्याला उलटा केला. साठच्या आसपासचा पट्टा पूर्ण साखळीसाठी होता. त्या एका सेलसाठी तो कधीच खाली सरकला होता.

२ जुलै

कोल्हापूरच्या एका भंगारवाल्याकडून याच जातीची तीन वापरलेली मॉड्यूल मिळाली. तीनदा फिरवून ५.०, ४.९ आणि ५.१ आली. मुद्दाम नवी कोरी शोधली नाहीत, कारण जुन्या साखळीत ६.५ चं मॉड्यूल घातलं तर त्याच्या जास्तीच्या क्षमतेचा उपयोग होत नाही, साखळी कमजोराच्याच चालीने चालते.

मग २८ ही मॉड्यूल समांतर जोडून दोन दिवस तशीच ठेवली, सगळ्यांची धन बाजू एका तारेवर, ऋण एका तारेवर, म्हणजे जास्तीतून कमीत वाहून सगळी एका पातळीला येतात. जी कामगिरी गाडीत होत नाही ती दुकानात करून घेतली. नवीन जोडपट्ट्या, नवे नट, पंखा धुऊन साफ.

मधोमध कोणती ठेवायची यावर गणूने चांगली सूचना केली: सर्वांत भक्कम ५.३-५.४ वाली मध्ये, जिथे उष्णता जास्त. तसंच केलं.

बॅटरी बसवली, प्लग लावला. त्रिकोण नाही. इंजिन लगेच फिरलं.

६ जुलै, कुडाळ-कणकवली-कुडाळ

महामार्गावर साधारण साठ किलोमीटर. गणू बाजूला, स्कॅनर फोनला जोडलेला, दर सेकंदाला चार्जचा टक्का आणि करंट नोंदवत.

पूर्ण फेरीत सर्वांत कमी ५१, सर्वांत जास्त ६६. बहुतेक वेळ ५६ ते ६३. ओरोसच्या अलीकडे ट्रकला मागे टाकताना करंट ऐंशी अँपिअरवर गेला, टक्का ६१ वरून ५९ वर आला, आणि पुढच्या उतारावर परत ६१. असं दिवसभर, दोन पावलं पुढे, दोन मागे.

घरी येऊन बॅटरीतून बाहेर आलेल्या सगळ्या करंटची बेरीज केली: ५.२ अँपिअर-तास. नवीन बॅटरीच्या क्षमतेच्या ०.८ पट. म्हणजे साठ किलोमीटरला बॅटरी जवळजवळ एकदा पूर्ण रिकामी होण्याइतकी वीज देते, पण ती इतक्या बारीक घासांत की पट्ट्याबाहेर कधी जात नाही.

सगळा प्रवास असाच झाला असं धरलं तर १,४८,००० किलोमीटरला साठने भागून २,४६७ फेऱ्या, गुणिले ०.८, म्हणजे जवळजवळ दोन हजार पूर्ण बॅटऱ्यांइतकी वीज या संचातून गेली आहे. मुंबईच्या गर्दीत साठ किलोमीटरला याहून जास्तच जात असणार, तेव्हा हा आकडा कमीत कमीचा. याच जातीचा सेल दर वेळी शंभरवरून शून्यावर नेला तर पाचशे ते हजार फेऱ्यांत दमतो. खोल घास आणि बारीक घास यांचा हिशोब सरळ प्रमाणात नाही. खोल गेलं की पट्टी जास्त फुगते-आक्रसते, बारीक तडे जातात, नवा पृष्ठभाग उघडा पडून गंजतो. बारीक घासांत पट्टी जवळजवळ हलत नाही.

१५ जुलै, आंबोली

रविवारी धबधब्यावर गर्दी म्हणून मुद्दाम मंगळवारी गेलो. आबा मागे बसले, कारण त्यांची जुनी तक्रार आहे: "घाट उतरताना गाडी आपोआप बोंबलता. पाय अॅक्सिलरेटरवर नसताना इंजिन वरड वरड वरडता." तेही बघायचं होतं.

निघण्याआधी कागदावर हिशोब मांडला. आंबोलीतून दाणोलीपर्यंत उतार साधारण ६०० मीटर, रस्ता सुमारे १५ किलोमीटर. आम्ही तिघे धरून गाडी १,६०० किलो.

```
m*g*h = 1600 * 9.8 * 600 = 9.4 MJ = 2.6 kWh
```

यातून टायरच्या घर्षणाला ०.६५ आणि हवेला ०.१५ किलोवॉट-तास वजा जाता १.८ उरतात. मोटार, तारा आणि बॅटरी यांतली गळती धरून साठ टक्के पोहोचले तरी १.१ किलोवॉट-तास बॅटरीच्या दाराशी येऊन उभे राहणार. आणि आत जागा किती? माथ्यावर ५५ टक्के असेल तर ८० पर्यंत पंचवीस टक्के, म्हणजे नव्या बॅटरीत ०.३३, आपल्या जुन्या बॅटरीत पाव किलोवॉट-तासाच्या आसपास. घाटाचा पाव ते एक तृतीयांश भाग उतरेपर्यंत बॅटरी "भरणार".

माथ्यावर धुकं, समोर दहा हात दिसेना. ५६ टक्क्यांवर निघालो. तिसऱ्या किलोमीटरला ७१. चौथ्याच्या आसपास ७९ आणि तिथेच आकडा खिळला. पडद्यावर आठही दांडे. आबा मागून म्हणाले, "बघ, आज फुल झाली!"

आणि पुढच्याच वळणावर इंजिन मोठ्याने फिरायला लागलं. मी स्कॅनर बघायला सांगितलं: पेट्रोल शून्य. इंजिन जळत नव्हतं, मोटार त्याला फिरवत होती. चाकांकडून येणारी जी वीज बॅटरीत ठेवायला जागा नाही, ती इंजिनच्या दट्ट्यांना हवा दाबायला लावून उष्णतेत उडवायची. ट्रकवाले खालच्या गिअरमध्ये उतरतात तेच काम. शेवटच्या दहा किलोमीटरमध्ये बॅटरी ८० च्या पुढे गेली नाही आणि आत जाणारा करंट जवळजवळ थांबला. ऐंशी टक्क्यांवर साठ अँपिअर आत कोंबले असते तर मी १५ जूनला लिहिलेलं ऑक्सिजनचं सगळं तिथेच, त्या वळणावर घडलं असतं.

आबांना गाडी थांबवून दाखवलं. ते बराच वेळ पडद्याकडे बघत राहिले. "म्हणजे ती वरडता ता बॅटरीक वाचवूक?" हो, अगदी तेच. खाली दाणोलीत चहा घेतला.

घाटात मात्र ब्रेकच्या पॅडवर सगळा भार टाकू नये. गिअरची दांडी B वर घेतली की इंजिनचा अडथळा लवकर सुरू होतो आणि ब्रेक तापत नाहीत.

१८ जुलै

गणूने विचारलं की मग क्षमता कमी झाली हे मालकाला कळत कसं नाही. मधल्या पट्ट्यामुळेच कळत नाही. फोन म्हातारा झाला की दुपारी तीनला बंद पडतो. ही बॅटरी ६.५ वरून ५ वर आली तरी गाडी चालत राहते, मायलेज फारसं हलत नाही, फक्त दांडे लवकर वर-खाली होतात. अमेरिकेतल्या कन्झ्युमर रिपोर्ट्सने २०११ मध्ये २००२ ची प्रियस तपासली होती, २,०६,००० मैल, म्हणजे सव्वातीन लाख किलोमीटरच्या जरा वर, आणि मूळ बॅटरीवरच चाललेली. तिला गॅलनला ४०.४ मैल मिळाले. तेच मॉडेल नवं असताना त्यांच्या चाचणीत ४०.६ मिळाले होते.

त्यामुळे खूण वेगळी शोधावी लागते. मी गिऱ्हाइकांना तीन सांगतो. सपाट रस्त्यावर दांडे पाच मिनिटांत दोनवरून सातवर आणि परत. पावसाळी गारव्यातही मागच्या सीटजवळचा पंखा घोंघावणं. आणि स्कॅनरवर, जोर लावताना, दोन-दोन मॉड्यूलच्या चौदा गटांपैकी एकाचं व्होल्टेज बाकीच्यांपेक्षा एक व्होल्टभर खाली जाणं. तिसरी खूण पक्की, कारण एक सेल म्हणजे सव्वा व्होल्ट.

नवीन हायब्रिडमध्ये लिथियमही येऊ लागलंय. हायरायडर आणि ग्रँड विटाराच्या स्ट्राँग हायब्रिडची बॅटरी फक्त ०.७६ किलोवॉट-तासांची आहे. तिथे ऑक्सिजनचं दुखणं नाही. पण भरलेल्या सेलमध्ये जोरात करंट कोंबला तर लिथियम पट्टीच्या आत शिरण्याऐवजी वरच थर धरून बसतं, आणि वरच्या व्होल्टेजवर आतला द्रव हळूहळू खराब होतो. कारण वेगळं, उपाय तोच, मधेच राहायचं. लिथियमच्या संचात प्रत्येक सेलवर लक्ष ठेवणारी आणि त्यांना सारखं करणारी सोय असते, त्यामुळे आबांच्या गाडीसारखी फारकत तिथे कमी.

२२ ऑगस्ट

चतुर्थीच्या आधी आबा गाडी दाखवायला आले. दीड महिना वापरली, बाजार आणि सावंतवाडी. जोर लावून चौदा गटांचे आकडे घेतले: सर्वांत वरच्या आणि सर्वांत खालच्या गटात ०.२ व्होल्टचा फरक. दुरुस्तीनंतर पहिल्या दिवशी ०.१५ होता. बदललेली मॉड्यूल ज्या गटांत आहेत ते वेगळे दिसत नाहीत. जाळीवर पेंढा नाही.

आबांना कागदावर लिहून दिलं: दर पंधरा दिवसांनी अर्धा तास चालवायची, नुसती चालू करून उभी ठेवायची नाही. उभी ठेवायचीच असेल तर पाच-सहा दांड्यांवर, आठ दांडे भरायच्या मागे लागायचं नाही. बाजूच्या जाळीसमोर काही ठेवायचं नाही.

"मग आंब्याचे पेटये खंय ठेवू?" डिकीत, असं म्हटलं. डिकीत पाच मावतात, त्यांना सात न्यायच्या असतात. उरलेल्या दोन पुढच्या सीटवर, असं ठरलं.

नवरात्रानंतर पुन्हा चौदा गट मोजायचे आहेत.